सायकल हातात धरून चालणारा पोस्टमन

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. दवाखान्यात एक सिस्टर, एक कंपाउंडर, एक शिपाई आणि मी. एक्स-रेचं मशीन नव्हतं. छातीचा फोटो काढायचा तर पेशंटला एसटीने महाडला पाठवावं लागे आणि फोटो वाचायला मीही आठवड्यातून एकदा तिथे जाई. महाडला एक वयस्क डॉक्टर होते, छातीच्या रोगांत मुरलेले. मी त्यांना सर म्हणायची.

ज्या माणसाबद्दल लिहिते आहे तो निवृत्त पोस्टमन होता. गावाबाहेरच्या बौद्धवाडीत राहायचा. साठीच्या आसपासचा, हडकुळा, खांदे वर चढलेले. त्याला मी आधी रस्त्यावर पाहिलं आणि मग दवाखान्यात. दर गुरुवारी तो सायकल घेऊन बाजारात येई, पण सायकलवर बसलेला कधी दिसला नाही. दोन्ही हात हँडलवर टेकवून, कमरेत पुढे वाकून तो सायकल ढकलत चाले. थोडं चालल्यावर थांबे, हँडलवर भार देऊन उभा राही आणि ओठांचा चंबू करून हळूहळू हवा सोडी. शेजारच्या दुकानदाराने मला हसत सांगितलं होतं, "म्हातारा सायकलला फिरायला आणतो."

दवाखान्यात आला तेव्हा त्याची तक्रार दमाची होती. पाच-सहा वर्षं दम वाढत गेला होता. आधी चढावर लागायचा, मग सपाट रस्त्यावर, आता अंगात सदरा घालतानाही लागे. तरुणपणापासून विड्या होत्या. मधल्या काळात कोणीतरी क्षयाची शंका घेऊन त्याला वर्षभर इंजेक्शनं टोचली होती. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते, आणि इंजेक्शनांनी दमात काही फरक पडला नव्हता.

मी त्याची छाती तपासली. बोटाने वाजवली तर सगळीकडे पोकळ आवाज, रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा. यकृत नेहमीच्या जागेपेक्षा दोन बोटं खाली सरकलेलं. स्टेथोस्कोपमधून श्वास जेमतेम ऐकू येत होता, लांबून आल्यासारखा. मी निदान लिहिलं, गोळ्या दिल्या, विडी सोडायला सांगितलं. आणि वर एक सल्ला दिला, जो त्या वेळी मी जवळजवळ प्रत्येक दमेकऱ्याला देत असे.

"बाबा, तुम्ही वरवर श्वास घेता. रोज सकाळी बसून खोल श्वास घ्यायचा. छाती पूर्ण भरायची. मग तो रोखून धरायचा आणि सोडायचा."

 तो तुटक तुटक म्हणाला, "बाय, छाती भरलेलीच हाय. अजून कुठं भरू? आत जागाच नाय."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. दमलेली माणसं काहीही बोलतात असं मला वाटलं. त्याला फोटोसाठी महाडला पाठवलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

पुढच्या आठवड्यात सरांच्या दवाखान्यात मी त्याचा फोटो पाहिला. सरांनी तो दिव्याच्या पेटीवर लावला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"काय दिसतं?"

"फुफ्फुसं काळी आहेत सर. फार काळी. बरगड्या आडव्या झाल्यात. हृदय अरुंद, उभट दिसतंय."

"आणि खाली?"

खाली श्वासपटल होतं, छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा. तो नेहमी दोन घुमटांसारखा वर फुगलेला दिसतो. या फोटोत तो जवळजवळ सरळ रेषेत होता, ताटासारखा सपाट, आणि नेहमीपेक्षा बराच खाली.

"एम्फिसीमा," मी म्हणाले. कॉलेजात पाठ केलेलं होतं. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती नष्ट होतात, फुफ्फुस सैल पडतं.

"ते झालं नाव. तू त्याला काय सांगितलंस?"

मी सांगितलं. खोल श्वास घ्या, छाती भरा, रोखून धरा.  सरांनी आपलं बोट पुढे केलं.

"हे मुठीत घट्ट धर. आता मनगट आतल्या बाजूला वाकव, जितकं वाकेल तितकं. वाकवलंस? आता आणखी घट्ट धर."

मला धरता येईना. बोटांत जोरच राहिला नव्हता. सरांनी आपलं बोट सहज काढून घेतलं.

"तुझ्या हातातली ताकद गेली का? नाही. बोटं मिटणारा स्नायू आधीच आखडून बसलाय. ओढायला आधी ताण लागतो. श्वासपटलाचंही तेच. घुमटासारखं वर असतं तेव्हा त्याचे धागे लांब असतात. ते आखडले की घुमट खाली उतरतो, छातीत जागा होते, हवा आत येते. या माणसाचा घुमट आधीच खाली उतरून बसलाय. धागे आखूड झालेत. आता ते ओढणार किती आणि उतरणार कुठे?"

"पण तो खाली का उतरला?"

"वर बसलेल्या हवेने ढकलला म्हणून. निरोगी फुफ्फुस रबरासारखं असतं. श्वास सोडताना आपणहून आकसतं, आणि बारीक नळ्यांना चारी बाजूंनी ओढून उघडं ठेवतं. याचं रबर सैल झालंय. श्वास सोडायला गेला की नळ्याच मिटतात. हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो. जुनी हवा आत, त्यावर नवी. अशी थोडी थोडी साठत छाती पिंपासारखी झाली. घाई केली की सोडायला वेळ आणखी कमी मिळतो, म्हणजे हवा आणखी अडकते. म्हणून दोन पावलं भरभर टाकली की त्याचा जीव घुसमटतो."

त्यांनी दिवा बंद केला आणि फोटो पाकिटात घातला.

"त्याचा मेंदू ओढ, ओढ म्हणून हुकूम सोडत असतो. स्नायू जीव तोडून ओढतो, आणि हवा येते चिमूटभर. एवढा जोर लावून एवढंच मिळतं, हे जे माणसाला जाणवतं ना, तोच दम. आणि तू त्याला सांगितलंस, अजून भर."

परतीच्या एसटीत मला त्याचं वाक्य आठवत होतं. आत जागाच नाय. माझ्या केसपेपरवर मी ते लिहिलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी त्याची वाट पाहिली, पण तो आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मे महिना होता. मुंबईहून माणसं गावी आलेली होती, त्यामुळे बाहेरच्या खोलीत गर्दी असे आणि कोण आलं नाही याची आठवण राहत नसे. शेवटी सिस्टरने सांगितलं, "तो पोस्टमन? तो घराबाहेरच पडत नाही आता. अगदीच बसला म्हणतात."

मी तिला घेऊन वाडीत गेले. तो पडवीत बाकावर बसला होता. दोन्ही कोपर मांड्यांवर टेकवलेले, खांदे कानांशी. मला पाहून त्याने हात जोडायचा प्रयत्न केला आणि पुन्हा कोपर टेकवले. "जय भीम, बाय," एवढं म्हणायला त्याला दोनदा थांबावं लागलं.

त्याची बायको बाहेर आली. ती ठेंगणी, काटक होती, आणि त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठ्याने बोलायची.

"तुमी सांगितल्यापासून रोज बसून श्वास भरतात. भरतात नि काळेनिळे होतात. मी म्हनलं, बंद करा. तर म्हनतात, डाक्टरीण बायनी सांगितलंय."

"मावशी, ते माझं चुकलं," मी म्हणाले. "तसं करायचं नाही. मी चुकीचं सांगितलं."

तिला हे अपेक्षित नव्हतं.  मग ती म्हणाली, "आणि हे बघा, मांडीवर गजकर्ण झालंय. मलम लावते तरी जात नाय."

त्याच्या दोन्ही मांड्यांवर, गुडघ्यांच्या जरा वर, रुपयाएवढे काळपट डाग होते, कातडी जाड झालेली. मी हात लावून पाहिलं. ते गजकर्ण नव्हतं. दिवसाचे दिवस कोपर टेकवून टेकवून पडलेले घट्टे होते ते. मी त्याचा सदरा वर करायला लावला आणि दोन्ही अंगठे त्याच्या खालच्या बरगड्यांवर ठेवले. श्वास घेताना बरगड्या बाहेर फाकतात, अंगठे एकमेकांपासून लांब जातात. इथे प्रत्येक श्वासाला माझे अंगठे जवळ येत होते. सपाट झालेलं श्वासपटल खाली उतरू शकत नव्हतं, म्हणून बरगड्यांनाच आत ओढत होतं. सरांनी जे सांगितलं ते माझ्या हाताखाली चाललं होतं.

"बाबा, बाजारात का येत नाही? गोळ्यांनी बरं वाटत नाही का?"

"सायकल गेली," तो म्हणाला.

सायकल त्याच्या मुलाने देऊन टाकली होती. मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता, सुट्टीला आला होता. बापाला लोक हसतात हे त्याने बाजारात ऐकलं. बसता येत नाही त्या सायकलचं ओझं दम लागलेल्या माणसाने कशाला ढकलायचं, असंही त्याला वाटलं. तुडीलला त्याची बहीण दिली होती. तिच्या नवऱ्याला सायकल हवी होती. मुलाने ती एसटीच्या टपावर टाकून पोचती केली आणि बापासाठी मुंबईहून आणलेली चांगली काठी पुढे केली.

"काठी घेऊन चालत का नाही?"

"काठीनं वाकता येत नाय, बाय. सरळ व्हावं लागतं. सरळ झालो का संपलं."

मी सिस्टरची सायकल मागितली. ती वाडीच्या तोंडाशी लावलेली होती. आधी त्याला नुसतं चालायला लावलं. पडवीपासून आंब्यापर्यंत चाळीसएक पावलं असतील. तो तीनदा थांबला आणि पोचल्यावर झाडाला दोन्ही हात लावून उभा राहिला. पंधरा मिनिटं विश्रांती दिली. मग सिस्टरची सायकल हातात दिली. ती लेडीज सायकल होती, त्याला जरा बुटकी, त्यामुळे तो आणखीच वाकला. या वेळी तो आंब्यापर्यंत एकदाही न थांबता गेला, वळला, आणि परत येताना एकदा थांबला. बायको दारात उभी राहून बघत होती.

पुढे वाकल्यावर पोटातले अवयव श्वासपटलाला खालून रेटतात. पडदा थोडा वर जातो, त्याचे धागे थोडे लांबतात आणि त्यांना थोडा जोर येतो. हातांना टेकू मिळाला की मान आणि खांद्यांचे स्नायूही बरगड्या उचलायला मोकळे होतात. मला हे पुस्तकातून आणि सरांकडून कळलं होतं. त्याला ते पत्रं वाटता वाटता कळलं असावं. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत तो सायकलवरून उतरून चालूनच टपाल वाटत असे, असं त्याने मला नंतर सांगितलं.

मुलगा दुपारी घरी आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी सायकलबद्दल बोलले तेव्हा तो नम्रपणे पण ठामपणे म्हणाला, "मॅडम, पेशंट माणूस आहे. आराम पाहिजे. उगाच टेन्शन कशाला? लोक काय बोलतात तुम्हाला माहीत नाही."

"आरामाने त्यांचे पाय जातील. मग दोन पावलांनाही दम लागेल."

"पण दम छातीत आहे ना? सायकलचा काय संबंध?"

मी त्याला सरांचं मनगटाचं उदाहरण देऊ लागले आणि मधेच थांबले. त्याला ते पटेल असं दिसत नव्हतं. मी म्हणाले, "एक करा. छाती गच्च भरून श्वास घ्या. अगदी गच्च. आता त्यातला थोडासाच सोडा. पुन्हा वरच्या वर थोडासा घ्या. छाती रिकामी करायची नाही. असाच श्वास घेत त्या आंब्यापर्यंत जाऊन या. भरभर."

तो हसला, पण त्याने केलं. आंब्यापर्यंत तो नीट गेला. वळल्यावर त्याचे खांदे वर चढलेले दिसले. निम्म्या वाटेत तो थांबला, तोंड उघडलं, आणि सगळी हवा एकदम बाहेर टाकून कमरेवर हात ठेवून वाकला. परत आला तेव्हा चेहरा लाल होता.

"तुम्ही ती हवा टाकू शकलात," मी म्हणाले. "त्यांना टाकता येत नाही. ते चोवीस तास असेच असतात."

तो बापाकडे बघत राहिला. बाप खाली मान घालून कोपर टेकवून बसला होता आणि ओठ आवळून हवा सोडत होता.  आईने चहा आणला, तो प्यायल्यावर मी आणि सिस्टर निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मुलगा तुडीलला गेला, असं मला कंपाउंडरकडून कळलं.

सायकल परत आली. मी त्याला शिकवलं ते त्याला बरंचसं येतच होतं. ओठ आवळून सावकाश सोडायचं, म्हणजे नळ्या लवकर मिटत नाहीत आणि हवा जास्त बाहेर पडते. घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ द्यायचा. घाई करायची नाही. एका वेळी पोटभर जेवायचं नाही, कारण भरलेलं पोट पडद्याला हलायला जागा देत नाही. विडी त्याने सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. गेलेल्या पिशव्या परत येणार नव्हत्या, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने विचारलं, "आन् पडदा? तो परत वर जाईल का?"

"नाही. पण हवा कमी अडकली तर आणखी खाली जाणार नाही."

"मंग बरं," तो म्हणाला.

त्याने एकच गोष्ट मागितली. मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवशी महाडच्या चवदार तळ्यावर जायचं होतं. तो दरवर्षी जात असे, मागचं एक वर्ष चुकलं होतं. मी हो किंवा नाही काहीच म्हणाले नाही. महाडच्या स्टँडपासून तळ्यापर्यंत त्या दिवशी किती गर्दी असते हे मला माहीत होतं.

त्या मार्चमध्ये माझी ड्यूटी तळ्याजवळच्या प्रथमोपचाराच्या टेबलावर होती. ऊन लागलेली माणसं, पायाला फोड आलेल्या बायका, हरवलेली मुलं. साडेअकराच्या सुमाराला मुलगा दिसला. तो गर्दीतून वाट काढत होता, आणि त्याच्या मागे म्हातारा सायकल ढकलत येत होता. हँडलला पाण्याची बाटली बांधलेली. दर थोड्या अंतरावर दोघं थांबत. मुलगा बापाच्या मागे येऊन गर्दीकडे पाठ करून उभा राही म्हणजे मागची माणसं बाजूने जात. कोणी घाई करू लागलं तर तो फक्त हात वर करी. ते टेबलाजवळ आले तेव्हा मी खुर्ची पुढे केली. म्हाताऱ्याने मानेनेच नको म्हटलं. बोलायला त्याच्याकडे हवा नव्हती. एका हाताने जय भीम केला आणि ते पुढे गेले. तळ्यापर्यंत पोचायला त्यांना स्टँडपासून दीड तास लागला होता, असं मुलाने नंतर सांगितलं.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी वजन झपाट्याने उतरलं. जेवतानाही दम लागे. श्वास घेण्यातच त्याची इतकी शक्ती जाई की अंगाला काही लागत नसे. श्रावणात सर्दी छातीत उतरली. अशा माणसाला साधा कफसुद्धा पुरतो, कारण त्याच्या श्वासात शिल्लक काहीच नसते. आम्ही त्याला महाडला नेलं. सरांनी बेताचा ऑक्सिजन लावला, औषधं दिली. त्याला उशांवर पुढे वाकून बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मी तेव्हा पोलादपुरात ओपीडीत होते.

दिवाळीनंतर त्याची बायको दवाखान्यात आली. मला वाटलं काही दाखल्यासाठी आली असेल. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "माला पण जरा बघ गो, बाय. चढावर दम लागतो. विडी तर कधी वडली नाय मी."

मी तिची छाती तपासली. श्वास सोडायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. मी विचारलं, स्वयंपाक कशावर? चुलीवर, लहानपणापासून. खोलीला खिडकी? नाही. मी तिला फोटोसाठी महाडला पाठवलं. फुफ्फुसं थोडी फुगलेली होती, पण श्वासपटलाचा बाक अजून टिकून होता. मी मुलाला चुलीच्या धुराबद्दल सविस्तर पत्र लिहिलं. उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला आणि त्याने चुलीच्या मागची भिंत हातभर फोडून तिथे लाकडी गज बसवले. धूर एकदम गेला नाही. पण म्हातारी सांगायची की आता भाकरी भाजताना बाहेरून जाणारी माणसं दिसतात, आणि कोण कुठे चाललंय ते कळतं.